मारबतीच्या छायाचित्रांचे पुस्तक, ७५ प्रती : तीन प्रेस, तीन दर, आणि तिन्हींत इतका फरक का?

महालकर
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची छायाचित्रे मी गेली तेरा वर्षे काढतो आहे. त्यांतली निवडक छायाचित्रे घेऊन स्वखर्चाने एक पुस्तक करायचे आहे. विक्रीसाठी नाही, तर मिरवणुकीशी संबंधित मंडळींना आणि काही ग्रंथालयांना देण्यासाठी. मी तीन प्रेसना एकच मजकूर पाठवला: आकार १० × १० इंच, १२० पाने, आत १७० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर, संपूर्ण रंगीत, पुठ्ठा बांधणी, ७५ प्रती. सीताबर्डीतल्या पहिल्या प्रेसने १,१८,५०० रुपये सांगितले, महालातल्या दुसऱ्याने ७१,२५० आणि तिसऱ्याने चक्क २,११,५००. शहर तेच, काम तेच, मग एक दर दुसऱ्याच्या तिप्पट कसा होतो? स्वस्त प्रेस फसवते आहे की महाग प्रेस लुटते आहे, हे कोणी सांगू शकेल काय?

धरमपेठकरीण
दादा, तुम्हाला हे स्वस्तच मिळते आहे असे मी म्हणेन. मागच्या वर्षी भावाच्या लग्नाचा अल्बम केला, त्यात चाळीस पाने होती आणि एका अल्बमचे साडेनऊ हजार झाले. पाने मात्र इतकी जाड आणि सुंदर आहेत की पाहत राहावे. त्या हिशेबाने तुमचे एक पुस्तक पंचवीस हजारांच्या खाली जायला नको.

हिशोबी_माणूस
ताई, तो अल्बम निराळा प्रकार आहे. तो फोटो पेपरवर छापून पुठ्ठ्यासारख्या जाड पानांवर चिकटवतात, पुस्तकासारखा छापत नाहीत.

महालकर, माझे मत विचाराल तर तुम्ही कागद उगाच जड घेतला आहे. छपाईत खरा खर्च कागदाचाच असतो. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेच्या दोन हजार प्रती काढताना आम्ही १७० वरून १३० जीएसएमवर आलो आणि मोठी रक्कम वाचली. दुसरे म्हणजे डिजिटल सोडा आणि ऑफसेटवर जा, कारण ऑफसेटचा प्रतीमागचा दर नेहमीच कमी पडतो.

कागद_कात्री
अठ्ठावीस वर्षे प्रेस चालवून आता घरी बसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महालकर, माझ्या अंदाजाने तिघेही प्रामाणिक आहेत आणि तिघांचा मूळ दर जवळजवळ सारखाच आहे. त्यांनी तीन वेगवेगळ्या पुस्तकांचे दर दिले आहेत, एवढेच.

आधी 'पाने' हा शब्द पाहा. बोलताना आपण पान आणि पृष्ठ यांत फरक करत नाही, पण प्रेसमध्ये पानाला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजू हे एक पृष्ठ असते. तुम्हाला १२० पृष्ठे म्हणायचे होते, असे मी धरतो. तिसऱ्या प्रेसने तुमचे शब्द शब्दशः घेतले असतील, तर त्यांनी २४० पृष्ठांचा दर दिला आहे.

आता आकार. थोड्या प्रतींचे काम बहुतेक ठिकाणी १३ × १९ इंचांच्या तावावर डिजिटल मशीनने होते. १० इंचांची दोन पृष्ठे शेजारी ठेवली तर २० इंच लागतात आणि ताव १९ इंचांचा आहे. म्हणजे एका तावाच्या एका बाजूला एकच पृष्ठ बसते आणि उरलेला जवळजवळ अर्धा ताव कापून टाकावा लागतो. १२० पृष्ठांसाठी एका प्रतीला ६० ताव लागले. दोन्ही बाजूंच्या रंगीत छपाईला कागदासह तावामागे २२ रुपये धरा: छपाईचे १,३२० आणि पुठ्ठा बांधणीचे २६० मिळून प्रत १,५८० रुपयांना पडते. गुणिले ७५ केले की नेमके १,१८,५०० येतात, म्हणजे पहिल्या प्रेसचा हिशेब असाच असणार.

दुसऱ्या प्रेसच्या मालकाने, मला खात्री आहे, मनातल्या मनात आकार पावणेनऊ इंचांच्या आसपास आणला. तेवढ्या मापात तावाच्या एका बाजूला दोन पृष्ठे बसतात, ताव ६० ऐवजी ३० लागतात आणि छपाई १,३२० वरून ६६० वर येते. बांधणीचे २९० धरले तर प्रत ९५० रुपयांना पडते आणि एकूण ७१,२५० होतात. त्यांना फोन करून एवढेच विचारा, 'तुम्ही कापून तयार झालेल्या पुस्तकाचे माप किती धरले आहे?'

महालकर
दोघांनाही फोन केला. कागद_कात्री काका, दुसऱ्या प्रेसने खरोखरच 'जवळपास नऊ बाय नऊ' धरले होते आणि ते दरपत्रकात लिहायचे राहिले म्हणाले. तिसऱ्या प्रेसने २४० पृष्ठे धरली होती. माझीच भाषा सैल होती, हे मान्य करतो. सव्वा इंचामुळे ४९,५०० रुपयांची छपाई वाढते, हे कोणी आधी सांगितले असते तर मी दहा इंचांच्या मापात मांडणी सुरूच केली नसती.

दोन प्रश्न आहेत. पूर्ण नऊ इंच का घेऊ नये? आणि हिशोबी_माणूस म्हणतात तसा कागद १३० वर आणला तर किती वाचेल?

कागद_कात्री
नऊ इंच बसते, पण अगदी काठावर बसते. छायाचित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचे असेल, तर कापणीसाठी चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्तीचे चित्र सोडावे लागते. तसे धरले की नऊ इंचांची दोन पृष्ठे सुमारे ४६९ मिलिमीटर घेतात. ताव ४८२ मिलिमीटरचा आहे आणि मशीन कडेचे काही मिलिमीटर छापतच नाही. कापणीच्या खुणांना जागा उरत नाही, आणि कटिंगवाल्याची पट्टी केसभर सरकली की कडेला पांढरी रेघ दिसते. पावणेनऊ घेतले की दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा सेंटिमीटर मोकळे राहते आणि तो माणूस निवांत काम करतो.

कागदाचे वजन काढायची आमची जुनी रीत सांगतो. तावाची लांबी आणि रुंदी इंचांत घ्या, जीएसएमने गुणा आणि ३१०० ने भागा. ५०० तावांचे वजन किलोत येते. १३ × १९ × १७० ÷ ३१०० केले की साडेतेरा किलो येतात, म्हणजे एक ताव २७ ग्रॅमचा झाला. १३० जीएसएमचा तोच ताव २०.७ ग्रॅमचा होतो. तुमच्या ७५ प्रतींना २,२५० ताव लागतील, त्यांत साधारण साडेचौदा किलोंचा फरक पडेल. आर्ट पेपर किलोला शंभर रुपये धरला तरी सगळ्या कामात जेमतेम दीड हजार रुपये वाचतात. डिजिटलमध्ये पैसा जातो तो मशीनच्या प्रत्येक छाप्याला, आणि मशीनला कागद जाड आहे की पातळ याच्याशी फारसे देणेघेणे नसते. हिशोबी_माणूस यांची स्मरणिका दोन हजार प्रतींची होती, तिथे कागद टनात लागतो, म्हणून त्यांचा अनुभव त्यांच्या कामापुरता बरोबर आहे.

शिवाय मारबतीची तुमची छायाचित्रे गर्द असणार. काळ्या मारबतीच्या पानामागे पांढरे मोकळे पान आले, तर १३० वर मागची सावली पुढे दिसते. दीड हजारांसाठी ते करू नका. पैसे वाचवायचे असतील तर १२ पृष्ठे कमी करा. प्रतीमागे तीन ताव म्हणजे ६६ रुपये आणि ७५ प्रतींमागे ४,९५० रुपये लगेच खाली येतात.

हिशोबी_माणूस
कागदाचा मुद्दा मान्य, गणित समोर आहे. पण ऑफसेटबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. आणि वजन कमी झाले तर टपालखर्च कमी होतो, तोही खर्चच आहे ना?

कागद_कात्री
टपालाचा मुद्दा तुमचा खरा आहे. या पुस्तकाची आतली पाने १७० वर सुमारे अर्धा किलो भरतील आणि १३० वर पावणेचारशे-चारशे ग्रॅम, पुठ्ठा वेगळा. ज्यांना बहुतेक प्रती पोस्टाने पाठवायच्या आहेत, त्यांनी हा हिशेब जरूर करावा. महालकर बहुधा बऱ्याच प्रती हातोहात देतील.

ऑफसेटचे सांगतो. मोठ्या तावाच्या एका बाजूला चार पृष्ठे बसवली, तर दोन्ही बाजूंची मिळून आठ होतात आणि १२० पृष्ठांचे पंधरा फॉर्म पडतात. प्रत्येक फॉर्मला दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार रंगांच्या चार प्लेटा, म्हणजे एकूण १२० प्लेटा झाल्या. त्यावर प्रत्येक फॉर्म मशीनवर चढवून रंग जुळेपर्यंत शंभरभर ताव वायाच जातात. तुम्हाला हवेत ७५ आणि जुळवणीतच शंभर संपले, असे हे काम आहे. प्रती पाचशेच्या पुढे जाणार असतील तर ऑफसेटचा दर जरूर मागवा. ७५ साठी तो मागवून प्रेसवाल्याचा वेळ घेऊ नये.

निवृत्त_मुख्याध्यापक
मला खर्चाचे गणित फारसे कळत नाही, पण बांधणीबद्दल एक कटू अनुभव नोंदवतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी छायाचित्रांचा एक संग्रह काढला होता. बाहेरून देखणा पुठ्ठा, आत गुळगुळीत कागद, पाने एकेक कापून कण्याशी गरम डिंकाने चिकटवलेली. जानेवारीत प्रकाशन झाले आणि मे महिन्यात, एका दुपारी गाडीत राहिलेली माझी प्रत उघडली, तर मधली आठ-दहा पाने हातात आली. उरलेल्या पानांची कण्याकडची कड लाटेसारखी झाली होती. बांधणाऱ्याने 'नागपूरचा उन्हाळा' असे कारण दिले. आपण ते कारण मान्य करावे काय?

कागद_कात्री
सर, उन्हाळ्याने फक्त दोष उघडा पाडला. साधा गरम डिंक आर्ट पेपरच्या गुळगुळीत थराला नीट धरत नाही; त्यासाठी कण्याकडची कड आधी खरवडून कागदाचे तंतू मोकळे करावे लागतात, आणि घाईत ते काम अर्धवट होते. बंद गाडीतल्या उष्णतेत तो डिंक मऊही पडतो. पीयूआर नावाचा डिंक आर्ट पेपरला जास्त चांगला धरतो, पण तो वापरणारा बाइंडर शोधावा लागतो. पुस्तक हाती आले की मधले एक पान धरून कण्यापासून सरळ वर ओढून पाहावे. बेताच्या ओढीने पान सुटू लागले तर सगळी खेप परत करावी.

लाटेचे कारण वेगळे आहे. कागदात तंतूंची एक दिशा असते, तिला आम्ही ग्रेन म्हणतो. हवेतल्या ओलाव्याने कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर पान बाहेरच्या कडेकडे मोकळेपणाने हलते. ग्रेन कण्याला आडवा असेल, तर पान कण्याच्या लांबीतच फुगायला किंवा आकसायला पाहते, पण डिंकाने धरून ठेवल्यामुळे त्याला हलता येत नाही आणि कडेला लाटा येतात. सरांच्या प्रतीत तेच झाले असावे.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. तावातून एक पट्टी उभी आणि एक आडवी, सारख्याच मापाची कापा, दोन्ही एकत्र करून एका टोकाला चिमटीत आडव्या धरा. जी जास्त झुकते, तिच्या लांबीला ग्रेन आडवा आहे.

चौकोनी आकाराचा फायदा इथे मिळतो. पाने सुटी कापून चिकटवायची असतील, तर चौकोनी पृष्ठ तावावर हवे तसे फिरवता येते आणि ग्रेन कण्याला समांतर ठेवता येतो. आडव्या किंवा उभ्या पुस्तकाला ही मोकळीक नसते.

मांडणीकार
मी पुस्तकांची मांडणी करते, त्यामुळे एक प्रश्न आधी विचारायला हवा होता असे वाटते. महालकर, समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर पसरलेली छायाचित्रे किती आहेत? चिकटवलेले पुस्तक पूर्ण उघडत नाही. कण्याजवळचा प्रत्येकी जवळपास सेंटिमीटरभर भाग आत जातो. मारबतीचा चेहराच जर मध्ये आला, तर डोळे कण्यात जातील.

महालकर
चौदा आहेत. आणि हो, पिवळ्या मारबतीचा चेहरा त्यांपैकी एकात बरोबर मध्ये आहे.

मांडणीकार
मग तुम्ही शिलाई बांधणीचा विचार करा. पावणेनऊ इंचांच्या चौकोनात एक गंमत आहे: १३ × १९ चा ताव मध्ये दुमडला की चार पृष्ठांची जोडी होते, आणि तावांची संख्या तीसच राहते. म्हणजे शिलाईसाठी छपाईचा खर्च एक रुपयाही वाढत नाही. तीन ताव एकात एक घालून बारा पृष्ठांचा फॉर्म करायचा, असे दहा फॉर्म शिवायचे.

मात्र एक भ्रम काढून टाका. शिवलेल्या पुस्तकातही प्रत्येक दोनपानी चित्र अखंड कागदावर येत नाही; ते फक्त फॉर्मच्या मध्यावर येते. तुमच्या बाबतीत ही जागा पृष्ठ ६ आणि ७, मग १८ आणि १९, ३० आणि ३१, अशी बारा-बाराच्या अंतराने ११४ आणि ११५ पर्यंत, एकूण दहा ठिकाणी आहे. चौदांपैकी दहा चित्रे तिथे बसवा. पिवळ्या मारबतीचा चेहरा आधी. उरलेल्या चारांत मध्यभागी आकाश किंवा रस्ता असेल अशी चित्रे ठेवा, कारण ती दोन वेगळ्या तावांवर छापली जातील आणि मिलिमीटरभर इकडेतिकडे होतील.

महालकर
बाइंडरशी बोललो. शिलाईसाठी पुठ्ठा बांधणीच्या वर प्रतीमागे १३० रुपये घेतो म्हणाला. माझा नवा हिशेब असा झाला: छपाई ४९,५००, पुठ्ठा बांधणी १९,५००, शिलाई ९,७५०. बांधणीत खराब होतील म्हणून तीन प्रतींची पाने जास्त छापायची, त्यांचे १,९८०. आधी एक नमुना प्रत करून पाहायची, तिचे २,००० धरले. एकूण ८२,७३०, म्हणजे प्रतीमागे ११०३ रुपये. यात काही सुटले आहे काय?

हिशोबी_माणूस
या सगळ्या रकमा कर धरून आहेत की कर वगळून, हे दरपत्रकात लिहून घ्या. तोंडी 'सगळे धरून' या शब्दांवर आमची स्मरणिका अडकली होती. लॅमिनेशन पुठ्ठा बांधणीत धरले आहे की वेगळे, तेही विचारा.

कागद_कात्री
हिशेब बरोबर आहे, पण शिलाईबद्दल मी मांडणीकार ताईंइतका निश्चिंत नाही. ताव मध्ये दुमडताना घडी १९ इंचांच्या बाजूला आडवी पडते, म्हणून ग्रेन १३ इंचांच्या दिशेने हवा. बाजारात मिळणारा कापलेला ताव बहुधा १९ च्या दिशेने ग्रेन असलेला असतो. १७० जीएसएमचा कागद ग्रेनविरुद्ध दुमडला आणि घडीवर गर्द काळा रंग असला, की डिजिटल छपाईचा थर तडकतो आणि काळ्या मारबतीच्या अंगावरून पांढरी रेघ जाते. आधी क्रीझिंग केले, म्हणजे घडीच्या जागी खाच दाबून घेतली, तर ती कमी होते, जात नाही.

मांडणीकार
क्रीझिंग करून केलेली माझी दोन पुस्तके ठीक आहेत, पण त्यांत घडीवर इतका गर्द रंग नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते.

महालकर
नमुना प्रत आली. प्रेसकडचा ताव काकांनी सांगितल्याप्रमाणेच निघाला. पट्ट्या कापून पाहिल्या. पृष्ठ ६ आणि ७ वरचा पिवळा चेहरा अखंड आणि सुरेख आला आहे, उन्हातल्या पिवळ्या रंगावर रेघ शोधावी लागते. पण ३० आणि ३१ वर काळ्या मारबतीच्या लुगड्यात, क्रीझिंग करूनही, वरपासून खालपर्यंत दोऱ्यासारखी पांढरी रेघ दिसते आहे.

कागद_कात्री
एक वाट आहे. २३ × ३६ चा मोठा ताव घ्या, त्याच्या ३६ इंचांचे तीन भाग करा आणि २३ कापून १९ करा. १२ × १९ चे तीन ताव मिळतील. मोठ्या तावाचा ग्रेन बहुतेक वेळा ३६ च्या दिशेने असतो, तो तुमच्या छोट्या तावात १२ च्या दिशेने येईल, म्हणजे घडीला समांतर. तुमचे पृष्ठ १२ इंचांत आरामात बसते. असे ७५० मोठे ताव लागतील. त्यांचे वजन ६८ किलो होते आणि तयार तावांचे ६१ होते, म्हणजे कागद सात-आठशे रुपयांनीच वाढतो. प्रश्न एवढाच की प्रेस बाहेरचा कागद मशीनमध्ये घालायला तयार होईल काय, आणि घातला तर २२ रुपयांतून स्वतःच्या कागदाचे पैसे वजा करील काय.

महालकर
विचारले. मालक म्हणाले की बाहेरचा कागद मशीनमध्ये अडकला तर जबाबदारी माझी, आणि दरात ते काही कमी करणार नाहीत. म्हणजे कागदाचे पैसे मला दोनदा द्यावे लागतील, सुमारे सात हजार. दुसऱ्या प्रेसला सोमवारी विचारतो. तोपर्यंत ३० आणि ३१ वरचे चित्र काढून तिथे गर्दीवर उडालेल्या धुळीचे फिकट चित्र लावून पाहतो आहे, पण काळ्या मारबतीला अखंड जागा न देणे मनाला पटत नाही.